‘आंदोलन ४०० फेरे’ आणि इतर अपघात: बायोरिअॅक्टरचे शब्द मराठीत कसे आणायचे

प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना एकीत हे वाक्य सापडलं: ‘आंदोलन मिनिटाला ४०० फेरे ठेवले.’ मुलगा मुरबाडकडचा, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, आता ठाण्याच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. ‘अॅजिटेशन’ हा शब्द त्याने मोबाइलवरच्या डिक्शनरीत पाहिला होता आणि डिक्शनरीने त्याला मोर्चाच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं. त्याच पानावर ‘इनॉक्युलम’ची ‘लस’ झाली होती. म्हणजे फर्मेंटरला, सूक्ष्मजीव वाढवायच्या बायोरिअॅक्टर टाकीला, लस टोचून आत आंदोलन सुरू होतं.

हसलो खरा, पण चूक त्याची नव्हती. मी स्वतः ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात बरीच वर्षं फर्मेंटेशन सांभाळलं आणि शिकवायला लागल्यावर पहिल्याच टिपणात ‘डिझॉल्व्ड ऑक्सिजन’ला ‘विद्राव्य ऑक्सिजन’ लिहून मोकळा झालो. ती चूक कशी पकडली गेली ते पुढे येईल. तुम्हाला वर्गासाठी, टिपणांसाठी किंवा धाकट्या भावंडाला समजावण्यासाठी हे शब्द मराठीत आणायचे असतील, तर मी आता ज्या क्रमाने काम करतो तो क्रम इथे देतो. शब्द फक्त तीन घेतलेत, कारण या तिघांवर हात बसला की बाकीचे फारसे छळत नाहीत.

आधी क्रियापद शोधा

नामापासून सुरुवात केली की डिक्शनरीच्या तावडीत सापडतो. म्हणून आधी विचारायचं: इथे कोण कशाला काय करतंय? रबाळे-महापेच्या कारखान्यांत रात्रपाळीला उभे राहा आणि कान द्या. ‘सीड टाकला’, ‘डीओ पडला’, ‘आरपीएम चढव’, ‘फोम आला’, ‘बॅच गेली’. नामं सगळी इंग्रजीतून आलेली, पण टाकणं, पडणं, चढवणं, येणं, जाणं ही क्रियापदं अस्सल मराठी आणि अचूक. ऑपरेटरला पुस्तकी व्याख्या येवो न येवो, डीओ ‘पडतो’ आणि फोम ‘येतो’ हे त्याला पक्कं माहीत असतं. भाषांतराचा निम्मा माल इथेच तयार मिळतो.

आमच्या तीन शब्दांची क्रियापदं अशी निघतात. इनॉक्युलम म्हणजे जे आत सोडतात ते. अॅजिटेशन म्हणजे ढवळणं. डिझॉल्व्ड ऑक्सिजन, ऑपरेटरचा ‘डीओ’, म्हणजे पाण्यात विरघळून बसलेला ऑक्सिजन. आता एकेकाकडे वळू.

इनॉक्युलम: विरजण की बीज?

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हा शब्द समजवायला अर्धं मिनिट पुरतं. कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो तेव्हा आपण इनॉक्युलम सोडत असतो. थंडीत विरजण जरा जास्त घालतो, म्हणजे प्रमाण महत्त्वाचं. चार दिवसांचं आंबट विरजण वापरलं तर दही लागायला वेळ लागतो आणि चवही बिघडते, म्हणजे विरजणाचं वय महत्त्वाचं. फर्मेंटरमध्येही अगदी हेच आहे: पेशी भराभर वाढत असताना उचलल्या तर नव्या माध्यमात, म्हणजे त्यांच्या अन्नाच्या द्रवात, लगेच कामाला लागतात, वाढ थांबून थकलेल्या पेशी सोडल्या तर पहिले काही तास काहीच हलत नाही.

म्हणून वर्गात तोंडी समजावताना मी ‘विरजण’च म्हणतो. पण टिपणात तोच शब्द ठेवायचा का, हे ठरवायला एक चाचणी आहे. शब्द एकटा तपासायचा नाही, त्याचं सगळं कुटुंब बोलावून बसवायचं. सोडायची वस्तू, सोडण्याची क्रिया, त्याचं प्रमाण, त्याचं वय, ते जिथे वाढवतात ती छोटी टाकी आणि ते न सोडलेलं तुलनेचं पात्र, या सगळ्यांना एकाच मुळातून नाव मिळतं का ते पाहायचं.

‘विरजण’ इथे अडखळतं. ‘विरजलेलं दूध’ म्हणजे ज्याचं दही झालंय ते. नुसतं विरजण घातलेलं नव्हे. त्यामुळे ‘विरजलेला फर्मेंटर’ म्हटलं की बॅच संपल्यासारखं वाटतं. दुसरी अडचण मोठी आहे. विरजण लावलं की आई बजावते, भांडं हलवू नको. दह्याच्या जीवाणूंना हवा नको असते आणि शांतता हवी असते. बायोरिअॅक्टरमध्ये मात्र सोडल्या क्षणापासून हवा आणि ढवळणं जोरात सुरू ठेवावं लागतं. उपमा दारापर्यंत सोडायला येते, घरात येत नाही, हे विद्यार्थ्यांना त्याच तासाला सांगून टाकावं.

‘संरोप’ असाही एक शब्द काही जण सुचवतात. शब्दात खोट नाही, पण मुलांना त्यात ‘रोप’ ऐकू येतं आणि ती नर्सरीत जाऊन पोहोचतात. ‘लस’ तर बादच: लस शरीराला संरक्षण देण्यासाठी असते, इथे आपण वाढीसाठी पेशी सोडतोय.

मी ‘बीजसंवर्ध’वर थांबलो. कारखान्यात ‘सीड’ म्हणतातच, त्यामुळे ‘बीज’ परकं वाटत नाही. ‘संवर्ध’ म्हणजे वाढवलेल्या जीवांचा साठा. ‘उती संवर्धन’ मुलांनी शाळेत वाचलेलं असतं, तिथूनच तो ओळखीचा होतो. संवर्धन ही क्रिया आणि संवर्ध ही वस्तू, एवढा फरक पाळला की झालं. आता कुटुंब बसतं: बीजसंवर्ध सोडणे, बीजसंवर्धाचं प्रमाण, बीजसंवर्धाचं वय, बीजटाकी, बीज न सोडलेलं पात्र.

यात एक सापळा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. इंग्रजीतल्या ‘इनॉक्युलम साइझ’चं ‘बीजसंवर्धाचा आकार’ होतं. मराठीत आकार म्हणजे गोल, चौकोनी, लांबट. इथे अभिप्रेत आहे तो किती सोडला, म्हणजे ‘प्रमाण’. ‘आकार ५ टक्के’ वाचून एका मुलीने पेशींचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला घेतला होता. तिचा तर्क बरोबर होता, शब्द चुकला होता आणि तो मी दिला होता.

अॅजिटेशन: ढवळा, घुसळू नका

मराठीत या कामासाठी शब्दांची रेलचेल आहे आणि अडचण तीच आहे. ढवळणं, घुसळणं, हलवणं, कालवणं, मिसळणं, घोटणं. स्वयंपाकघरात यातला प्रत्येक शब्द वेगळं काम सांगतो, म्हणून इथेही नीट निवडावा लागतो.

बायोरिअॅक्टरमध्ये उभ्या दांड्यावर पाती बसवलेली असतात, ती फिरतात. त्यांचं एक काम सगळीकडे सारखी उष्णता आणि अन्न पोहोचवणं. दुसरं काम पेशी तळाला बसू न देणं. तिसरं काम सर्वांत मोलाचं: खालून येणारे हवेचे बुडबुडे फोडून बारीक करणं. बुडबुडे जितके बारीक, तितका हवेचा आणि द्रवाचा एकमेकांना लागणारा पृष्ठभाग जास्त, आणि तितका ऑक्सिजन भराभर द्रवात उतरतो.

‘मिसळणं’ पहिल्या कामापुरतं पुरतं, तिसरं त्यात दिसत नाही. ‘घुसळणं’त जोर आहे, फेस आहे, हवाही आहे, पण रवी घातली की लोणी निघतं, म्हणजे घुसळण्यात काहीतरी वेगळं काढायचं असतं. ‘हलवणं’ हे अख्खं भांडं हलवण्यासाठी राखून ठेवा, कारण शेकरवर फ्लास्क ठेवतो तेव्हा पाती नसतात, फ्लास्कच फिरतो. उरलं ‘ढवळणं’. त्यात बुडबुडे फोडणं आपोआप येत नाही हे कबूल, पण ते एका वाक्यात सांगता येतं. आमटी ढवळताना डाव फिरतो आणि भांडं जागेवर राहतं, बायोरिअॅक्टरमध्येही तसंच.

हलवणं आणि ढवळणं वेगळे ठेवण्याचा फायदा आकड्यांपाशी कळतो. शेकरवर २०० आणि बायोरिअॅक्टरमध्ये ४०० हे दोन्ही आकडे मिनिटाला फेरे याच एककात असतात, म्हणून मुलं सरळ तुलना करतात: दुप्पट जोरात! ‘हलवणं २०० फेरे’ आणि ‘ढवळणं ४०० फेरे’ असं लिहिलं की निदान डोळ्यांना तरी दिसतं की या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांची अशी तुलना होत नाही.

आता ‘वेग’ या शब्दाबद्दल. ‘ढवळण्याचा वेग’ असं आपण सहज लिहून जातो. पण कशाचा वेग? फेऱ्यांचा की पात्याच्या टोकाचा? पात्यांचा व्यास ६ सेंटिमीटर असेल तर मिनिटाला ४०० फेऱ्यांना टोक सेकंदाला साधारण सव्वा मीटर धावतं. कारखान्यातल्या टाकीत पात्यांचा व्यास १ मीटर असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांना तेच टोक सेकंदाला २१ मीटरच्या आसपास जाईल. तिथे ४०० फेरे कुणी देत नाही. म्हणून टिपणात नुसता ‘वेग’ लिहायचा नाही. ‘मिनिटाला ४०० फेरे’ लिहा, आणि टोकाची गोष्ट असेल तेव्हा ‘पात्याच्या टोकाचा वेग’ असं पूर्ण लिहा. शब्द दोन वाढतील, घोळ एक कमी होईल.

पात्याला मुलं ‘पंखा’ म्हणतात. मी अडवत नाही.

डिझॉल्व्ड ऑक्सिजन: टक्के कशाचे?

आता माझी चूक. ‘विद्राव्य’ म्हणजे विरघळू शकणारा. मीठ पाण्यात विद्राव्य आहे, मग ते अजून बरणीत का असेना. ‘विरघळलेला’ म्हणजे विरघळण्याचं काम होऊन गेलेला. मी ‘विद्राव्य ऑक्सिजन ३० टक्के’ लिहिलं आणि तोंडी परीक्षेत एका मुलाने सांगितलं, ‘सर, हवेतला ३० टक्के ऑक्सिजन विरघळू शकतो आणि ७० टक्के शकत नाही.’ बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे पाहायला लागले. मुलगा माझंच टिपण वाचून आला होता.

तेव्हा ‘विरघळलेला ऑक्सिजन’ असं साधं लिहावं. खाडीच्या किंवा नदीच्या प्रदूषणाच्या बातम्यांतही असाच येतो. ‘प्राणवायू’ वापरायला हरकत नाही, पण पाठ्यपुस्तकांत आता ‘ऑक्सिजन’ रुळलाय आणि पडद्यावर `DO` किंवा `pO2` दिसतं. मुलांना एकाच गोष्टीची तीन नावं कशाला? यंत्रावर जे दिसतं ते मात्र जसंच्या तसं लिहा. तिथे मराठीकरण केलं तर मुलगा पडद्यावर ‘वि.ऑ.’ शोधत बसेल.

खरी गोम टक्क्यांत आहे. ‘ऑक्सिजन ३० टक्के’ वाचून कुणालाही वाटेल की द्रवात ३० टक्के ऑक्सिजन भरलाय. हवेतच तो २१ टक्के असतो, मग पाण्यात ३० कुठून येणार? टक्के असतात ते संपृक्ततेचे. ३० अंश सेल्सिअसला साध्या पाण्यातून हवा सोडत राहिलं, तर लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, त्याहून जास्त मावत नाही. त्या भरलेल्या स्थितीला आपण १०० टक्के म्हणतो. त्याचे ३० टक्के म्हणजे लिटरला सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास. माध्यमात साखर आणि क्षार असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी मावतो. तापमान ३७ अंशांना नेलं तर भरलेल्या पाण्यातही लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपासच राहतो, पण पडद्यावर पुन्हा १००च लावून घेतलेले असतात.

म्हणून मी आता ‘हवेच्या संपृक्ततेच्या ३० टक्के’ असं पूर्ण लिहितो. ‘संपृक्त द्रावण’ मुलांनी शाळेत पाहिलेलं असतं. ही शब्दरचना खरी आहे का ते तपासायचं असेल, तर तिच्यात ११० घालून पाहा. शुद्ध ऑक्सिजन सोडला तर पडद्यावर ११० टक्केही दिसू शकतात. ‘ऑक्सिजन ११० टक्के’ हे वेड्यासारखं वाटतं. ‘हवेच्या संपृक्ततेच्या ११० टक्के’ मात्र कळतं.

आणखी एक घोळ: पडद्यावरचा आकडा हा पुरवठा नसून शिल्लक असते. आमच्या सोसायटीच्या टाकीचं उदाहरण मी देतो. सकाळी नळाला पाणी जोरात येत असतं, तरी टाकीची पातळी खाली जाते, कारण सगळे एकदम अंघोळीला गेलेले असतात. दुपारी बारीक धारेतही टाकी भरते. विरघळलेला ऑक्सिजन ही टाकीतली पातळी आहे. हवेतून द्रवात किती वेगाने उतरतोय आणि पेशी किती वेगाने खर्च करतायत या दोन्हींवर ती ठरते. म्हणून ‘ऑक्सिजन वाढला’ असं मोघम लिहायचं नाही. ‘पातळी वाढली’, ‘पुरवठा वाढवला’, ‘वापर वाढला’ यांतलं नेमकं काय झालं ते लिहायचं. बॅचच्या शेवटी पातळी अचानक उसळते तेव्हा नवखा मुलगा खूश होतो. बहुतेक वेळा तेव्हा साखर संपलेली असते आणि खाणाऱ्यांनी हात आखडते घेतलेले असतात.

कोश कधी उघडायचा

आत्ता. क्रियापद मिळालं, कुटुंब बसवून पाहिलं, आकडा कशाचा ते कळलं, मग भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघडा. आपल्याला सुचलेला शब्द तिथे असेल तर उत्तम. वेगळा आणि अधिक चांगला असेल तर तो घ्या. कोशातला शब्द मुलांच्या तोंडी बसणार नसेल, तर मी इंग्रजीतून रुळलेला शब्द देवनागरीत ठेवतो. बायोरिअॅक्टर हा बायोरिअॅक्टरच. एकाने अणुभट्टीच्या चालीवर ‘जैवभट्टी’ सुचवली होती. ३० अंशांची भट्टी! बिचारं यीस्ट.

‘किण्वन’बद्दल मात्र सावध राहा. दहावीत मुलं शिकतात की किण्वन ऑक्सिजनशिवाय होतं. कारखान्यात फर्मेंटेशन म्हणजे टाकीत सूक्ष्मजीव वाढवण्याचं कोणतंही काम, आणि बरेचदा त्यात भरपूर ऑक्सिजन लागतो. हवा सोडत असलेल्या टाकीला ‘किण्वनपात्र’ म्हटलं की हुशार मूल प्रश्न विचारणारच. मी तिथे ‘फर्मेंटेशन’ ठेवतो आणि ‘किण्वन’ जीवरसायनाच्या तासाला वापरतो.

एक परिच्छेद हातात घेऊन

आमच्याकडे पाच लिटरच्या काचेच्या बायोरिअॅक्टरवर बेकरीचं यीस्ट वाढवतात. मूळ इंग्रजी सूचना तीन ओळींची. मुलांनी केलेलं भाषांतर असं होतं:

‘पाच टक्के आकाराची १२ तास वयाची लस टोचून आंदोलन ४०० व वायुवीजन १ ठेवावे आणि विद्राव्य ऑक्सिजन ३० टक्क्यांवर राखावा.’

पहिले तीन दोष आता ओळखीचे आहेत. ‘वायुवीजन’ खोलीच्या खिडक्यांसाठी ठीक. इथे सरळ ‘हवा’ म्हणा. ‘हवा १’ म्हणजे दर मिनिटाला द्रवाच्या घनफळाइतकी हवा; द्रव तीन लिटर असेल तर मिनिटाला तीन लिटर. ‘पाच टक्के’ म्हणजे घनफळाचे, पण कोणत्या? तीन लिटर माध्यमाचे पाच टक्के म्हणजे १५० मिलिलिटर, आणि ते मिसळल्यावर एकूण ३१५० होतात. एकूण तीन लिटरच हवे असतील तर माध्यम २८५० मिलिलिटर घ्यावं लागेल. इंग्रजी सूचनेत हे सांगितलेलंच नव्हतं. बनवणाऱ्याला विचारलं तेव्हा कळलं की माध्यम तीन लिटर धरायचं. भाषांतरकाराने असं विचारायला लाजू नये. जे मुळात धूसर आहे ते मराठीत आपल्या मनाने पक्कं करून टाकणं जास्त वाईट.

मग आम्ही असं लिहिलं:

‘बायोरिअॅक्टरमध्ये तीन लिटर निर्जंतुक माध्यम ३० अंश सेल्सिअसला आणा. ढवळणं मिनिटाला ४०० फेऱ्यांवर आणि हवा मिनिटाला ३ लिटरवर ठेवा. १२ तास वाढवलेला बीजसंवर्ध १५० मिलिलिटर सोडा. वाढ सुरू झाली की विरघळलेल्या ऑक्सिजनची पातळी घसरेल. ती हवेच्या संपृक्ततेच्या ३० टक्क्यांपर्यंत उतरली की यंत्र ढवळण्याचे फेरे आपोआप वाढवेल आणि पातळी तिथेच धरून ठेवेल.’

शेवटची चाचणी म्हणजे इंग्रजी न पाहिलेल्या मुलाला हा कागद देऊन यंत्रासमोर उभं करणं. आपण मागे हाताची घडी घालून उभं राहायचं, बोलायचं नाही. तो कुठे थांबतो तेवढं पाहायचं.

आम्ही तो कागद पहिल्या वर्षाच्या एका मुलीला दिला. माध्यम, तापमान, फेरे, हवा, सगळं तिने बिनचूक लावलं. बीजसंवर्धाची बाटली हातात घेतली आणि पडद्याकडे बघत थांबली. तिथे `DO` समोर ८७ दिसत होतं. ‘सर, अजून तर काहीच सोडलेलं नाही, हवा चालू आहे, मग हे १०० का नाही?’ बरोबर होतं तिचं. यंत्राला १०० टक्के कशाला म्हणायचं ते अजून कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते बीज सोडण्याआधीच सांगावं लागतं, कारण पेशी आत गेल्या की त्या लगेच ऑक्सिजन खायला लागतात आणि मग भरलेली पातळी कोणती ते कळत नाही. कारखान्यात हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सूचना लिहिणाऱ्याच्या आणि माझ्याही लक्षात आलं नाही. हवेच्या ओळीनंतर आम्ही एक वाक्य वाढवलं: ‘शून्य आधी नायट्रोजन सोडून लावलेलं असावं, आता `DO` चा आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, त्याला १०० टक्के ठरवा, आणि मगच बीजसंवर्धाच्या बाटलीला हात लावा.’